फ्रीझ केलेला प्लॅन दर महिन्याला पाच तारखेच्या आत का उघडतो?

तक्रार ओळखीची आहे. पंचवीस तारखेला विक्री, उत्पादन आणि फायनान्स एका टेबलाशी बसतात, पुढच्या महिन्याचा उत्पादन प्लॅन ठरतो, सगळे सह्या करतात, प्लॅन फ्रीझ होतो. महिना सुरू होऊन चार-पाच दिवस होत नाहीत तोच पहिला फोन येतो: अमुक मॉडेल आधी घ्या, तमुक पुढे ढकला. दहा तारखेपर्यंत मूळ प्लॅनची आठवणही कुणाला राहत नाही. महिनाअखेर गोदामात नको तो माल पडून असतो आणि हवा तो माल मागणारे डिलर फोनवर असतात. मग पुढच्या बैठकीत ठरतं की फोरकास्ट सुधारायला हवा.

मी कोल्हापूर भागातल्या एका पंप कारखान्यात प्लॅनिंग बघतो. आमच्याकडे हे वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. फोरकास्ट सुधारण्यावर आम्हीही पुष्कळ वेळ घालवला आणि त्याने फारसं काही बदललं नाही. दोष दुसरीकडे होता. तो कसा सापडला आणि एका महिन्याचा प्लॅन आकड्यांसकट कसा बदलला, ते इथे सविस्तर लिहितो. आकडे आमच्या कारखान्याचे आहेत, सोपं जावं म्हणून गोल केले आहेत.

आमचे तीन मुख्य गट आहेत. पहिला व्ही-६, म्हणजे सहा इंची बोअरचे सबमर्सिबल पंप, शेतीसाठी. दुसरा व्ही-४, चार इंची बोअरचे, घरगुती आणि लहान शेतीचे. तिसरा मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकत्र जोडलेले. फायनान्सशी ठरवलेला निव्वळ सरासरी दर, म्हणजे जीएसटी सोडून आणि स्कीम-डिस्काउंट वजा करून, व्ही-६ चा १८,००० रुपये, व्ही-४ चा ८,००० आणि मोनोब्लॉकचा ९,००० धरला आहे. हा दर आधी एकत्र ठरवून घ्या. आमच्याकडे विक्रीवाले डिलर प्राइस लिस्टने हिशेब करायचे, फायनान्सवाले हातात पडणाऱ्या पैशाने. त्यामुळे तोच प्लॅन दोन खोल्यांत दोन किमतींचा असायचा आणि अर्धी बैठक त्यातच जायची.

पहिली तपासणी: प्लॅन कुणी, कुठे उघडला

फोरकास्टला हात लावण्याआधी हे करा. फ्रीझच्या दिवशीच्या प्लॅनची एक प्रत बाजूला ठेवा आणि तिला कुणालाही हात लावू देऊ नका. त्यानंतर झालेला प्रत्येक बदल एका ओळीत लिहा: तारीख, मॉडेल, किती नग वाढले वा घटले, कुणी सांगितलं, कारण काय. आणि शेवटी एक रकाना असा ठेवा की ज्या गोष्टीमुळे हा बदल करावा लागला, ती गोष्ट कारखान्यात वा ब्रँचमध्ये कुणालातरी सर्वात आधी कधी कळली होती.

तो शेवटचा रकाना भरायला जिवावर येतं. माणसामाणसाला जाऊन विचारावं लागतं. पण सगळं निदान त्याच रकान्यात आहे. शीटमध्ये फ्रीझची तारीख `K1` मध्ये आणि "कधी कळलं" ही तारीख `G` रकान्यात ठेवली, की एवढंच सूत्र पुरतं:

```
=IF(AND(G2<>"",G2<=$K$1),"आधीच माहीत","नवीन")
```

ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर अशा तीन महिन्यांचे आमचे ४१ बदल निघाले. त्यातले २८ एकट्या व्ही-६ चे. आणि ४१ पैकी ३० बदलांपुढे "आधीच माहीत" आलं. म्हणजे तीस वेळा प्लॅन बदलण्याचं कारण सह्या होत होत्या त्या दिवशीच कुणाला तरी ठाऊक होतं आणि ते टेबलापर्यंत पोचलं नव्हतं. उरलेले ११ मात्र खरोखर नवे होते: कास्टिंगचा एक लॉट रिजेक्ट झाला, एका ब्रँचकडे सौर पंपांची मोठी ऑर्डर अचानक आली, असे.

तुमच्याकडे "नवीन" जास्त निघाले तर पुढचं वाचून फार उपयोग होणार नाही. तुमचा प्रश्न खरंच फोरकास्टचा किंवा पुरवठादारांचा आहे. "आधीच माहीत" जास्त निघाले तर पुढे चला.

मागणीचा आकडा बजेटला इतका चिकटून कसा?

फेब्रुवारीच्या प्लॅनसाठी विक्रीने दिलेली मागणी अशी होती: व्ही-६ चे २,४०० नग, व्ही-४ चे ३,०००, मोनोब्लॉकचे २,६००. एकूण ८,००० पंप. ठरवलेल्या दराने याची किंमत काढली तर ४.३२ कोटी, २.४० कोटी आणि २.३४ कोटी, मिळून ९.०६ कोटी रुपये. फेब्रुवारीचं बजेट होतं ९ कोटी.

इथे थांबून विचार करा. अकरा ब्रँच, शेकडो डिलर, पावसापाण्यावर आणि विजेच्या वेळांवर हलणारी मागणी, आणि तिची बेरीज बजेटच्या एका टक्क्याच्या आत येते. मागचे सहा महिने काढून बघितले तर प्रत्येक महिन्यात तसंच. बजेट वर गेलं की मागणी वर, बजेट खाली की मागणी खाली. हा मागणीचा अंदाज नव्हताच. बजेटच्या रुपयांना दराने भागून नग काढले होते आणि ते ब्रँचमध्ये वाटून टाकले होते. विक्रीप्रमुखांना दोष देण्यात अर्थ नाही. बजेटपेक्षा कमी आकडा घेऊन गेलं की आकड्याऐवजी माणसाचीच झडती व्हायची, तर कोण नेणार?

दुसरी एक गोष्ट मला सोलापूर ब्रँचच्या माणसाने फोनवर सांगितली, ती ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो. त्याने व्ही-६ चे दीडशे नग मागितले होते. मी म्हटलं, गेल्या महिन्यात तर साठच मागितले होते. तो म्हणाला, "साहेब, साठ मागितले तेव्हा वीस मिळाले. आता दीडशे मागतोय तेव्हा कुठे पन्नास मिळतील. मला लागतात साठच." डिलरही तेच करत होते. एकच पंप दोन डिलर मागायचे, तोच पंप तिसरा डिलर शेजारच्या जिल्ह्यातून मागवून बघायचा. माल कमी मिळतो म्हणून मागणी फुगते, फुगलेल्या मागणीवर प्लॅन होतो, तो पूर्ण होत नाही, म्हणून माल आणखी कमी मिळतो. दर महिन्याला नेमाने चालणारं हे चक्र फोरकास्टच्या कुठल्याही सूत्राने थांबणार नाही, कारण सूत्राला मिळणारा आकडाच खोटा असतो.

म्हणून आम्ही प्रश्न बदलला. "किती लागतील?" असं विचारणं बंद केलं. त्याऐवजी प्रत्येक ब्रँचला मोठ्या डिलरांचे दोनच आकडे मागितले: गेल्या महिन्यात डिलरकडून शेतकऱ्याला किती पंप गेले, आणि आज त्याच्या दुकानात किती शिल्लक आहेत. सौर पंपांची मागणी वेगळ्या ओळीत घेतली. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत जमिनीच्या क्षेत्राप्रमाणे ३, ५ आणि ७.५ एचपीचे पंप ठरलेले आहेत आणि ते बसवणाऱ्या एजन्सीकडून लॉटने मागणी येते. ती डिलरच्या मागणीत मिसळली की एक महिना डोंगर, पुढचा महिना दरी असं चित्र दिसतं आणि सरासरीला काही अर्थ राहत नाही. लेखी ऑर्डर हातात असेल तेवढीच सौर ओळ मागणीत धरायची, बाकीची नोंद फक्त "शक्यता" म्हणून.

असं करून आलेली फेब्रुवारीची मागणी: व्ही-६ चे २,०५० नग, व्ही-४ चे २,३००, मोनोब्लॉकचे २,४००. किंमत ७.६९ कोटी. बजेटपेक्षा १.३१ कोटीने कमी. विक्रीप्रमुखांचा चेहरा पडला होता, पण आकडा त्यांनीच वाचून दाखवला आणि प्रत्येक ब्रँचमागे कारण सांगितलं.

क्षमता कोणत्या ठिकाणी मोजता?

उत्पादनाकडून वर्षानुवर्षं एकच उत्तर यायचं: महिन्याला आठ हजार पंप निघतात. ते खरंही होतं. कोणते आठ हजार, हे कुणी विचारत नव्हतं.

व्ही-६ ची मोटर पाण्याने भरलेली असते. तिच्या वाइंडिंगला प्लास्टिकच्या आवरणाची तार लागते आणि ती मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या, म्हणजे स्टेटरच्या, खाचांतून हाताने ओढून घ्यावी लागते. त्याला मशीन लावून भागत नाही, माणसाचा हातच लागतो आणि तो हात तयार व्हायला पाच-सहा महिने जातात. व्ही-४ चं काम वेगळं, तिथे वेग मशीनवर अवलंबून असतो. त्यामुळे कारखाना किती पंप काढतो हा आकडा निरुपयोगी आहे. व्ही-६ चे किती स्टेटर हाताने भरून होतात, एवढा एकच आकडा महत्त्वाचा.

तो आकडा संगणकात नव्हता. वाइंडिंगच्या सुपरवायझरकडे, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, एक लांबट वही आहे. डाव्या बाजूला नावं, वर तारखा, प्रत्येक चौकटीत त्या माणसाने त्या दिवशी भरलेले स्टेटर. गैरहजर असेल तिथे फुली. जानेवारी-फेब्रुवारीच्या पानांवर फुल्या ठळक दिसत होत्या. मी विचारलं तर तात्या म्हणाले, "साहेब, या दिवसांत ऊस तुटतो. ज्याच्या शेताला तोड आली तो दोन-तीन दिवस येत नाही. दरवर्षीचं आहे. मला कधी कुणी विचारलंच नाही."

आता हिशेब बघा. पटावर ३६ वाइंडर. गेल्या तीन वर्षांच्या फेब्रुवारीची हजेरी सुमारे ९२ टक्के, म्हणजे रोज ३३ माणसं. एका माणसाचे एका पाळीत २ स्टेटर. कामाचे दिवस २४. एकूण १,५८४ स्टेटर. मग २,४०० ला होकार कसा जात होता? सगळे ३६ हजर, रोज चार तास ओव्हरटाइम, रोज तिसरा स्टेटर, चोवीसच्या चोवीस दिवस, असं धरलं तर २,५९२ येतात. कागदावर होकार बसत होता. पण रोज बारा तासांनी आठवड्याचे ७२ तास होतात, कारखाना कायद्याची ओव्हरटाइमसकट ६० तासांची मर्यादा त्याच्या कितीतरी खाली होती, आणि दुप्पट दराने पैसे देऊनही हातावर फोड आलेला माणूस तिसरा स्टेटर तितकाच चांगला भरत नाही.

तर फ्रीझ होणाऱ्या प्लॅनमध्ये पहिल्या दिवसापासूनच आठशेहून अधिक व्ही-६ असे होते, जे होणारच नव्हते. पाच तारखेला फोन का सुरू व्हायचे ते इथे कळतं. पहिल्या चार दिवसांत रोज १०० ऐवजी ६६ निघाले की सगळ्यांना खड्डा दिसायला लागतो आणि त्या खड्ड्यातून आपल्या ब्रँचचा माल आधी काढून घ्यायची धडपड सुरू होते.

आणि व्ही-४ च्या ढिगाचं कोडंही इथेच सुटतं. उत्पादनप्रमुखांचं मोजमाप एकूण पंपांवर होतं. व्ही-६ अडकले की नगांची भर व्ही-४ ने काढली जायची, कारण ते मशीनवर भराभर निघतात. जानेवारीअखेर २,९०० व्ही-४ तयार पडून राहणार असं दिसत होतं. बनवण्याचा खर्च नगाला ६,००० धरला तर १.७४ कोटी रुपये गोदामात.

फायनान्सचा आकडा कुठे लपतो

तिसरी खोली फायनान्सची. तिथला प्रश्न असा की बजेट आणि वास्तव यांतली फट कुठल्याही कागदावर स्वतःच्या नावाने लिहिलेली नव्हती. ती नगांमध्ये मुरवलेली होती. ९ कोटी दिसायला हवेत म्हणून व्ही-६ चे साडेतीनशे, व्ही-४ चे सातशे आणि मोनोब्लॉकचे दोनशे नग वाढवले की बेरीज जुळते, बैठक शांतपणे संपते, आणि त्या न होणाऱ्या विक्रीसाठी तांब्याची तार, स्टॅम्पिंग आणि कास्टिंग खरोखर मागवलं जातं. फट पैशांची असते, पण ती भरून काढतो खरा कच्चा माल.

माझ्या मते तिन्ही खात्यांचे आकडे जुळवण्याच्या, म्हणजे समेटाच्या, बैठकीचा एकच नियम पाळायचा असेल तर हा पाळा: रुपयांची फट रुपयांतच लिहायची, तिचे नग करायचे नाहीत. प्लॅनच्या शीटमध्ये शेवटी एक ओळ, "बजेटशी फरक", रक्कम आणि ती कोण, कशाने, केव्हा भरणार. भरता येत नसेल तर तसं लिहायचं. त्या ओळीला मॉडेल नंबर मिळता कामा नये, कारण मॉडेल नंबर मिळाला की दुसऱ्या दिवशी खरेदी विभाग त्याचा माल मागवतो.

विक्री म्हणजे काय, हेही तिघांनी एकदा ठरवून घ्यावं. ब्रँच ऑर्डर मोजते, उत्पादन गोदामात जमा झालेला नग मोजतं, फायनान्स मोजतं ते मालाचा ताबा ग्राहकाकडे गेल्यावर. डिलरच्या दारात पोच देण्याची अट असेल तर ३१ मार्चला ट्रकमध्ये असलेला माल त्या वर्षाची विक्री धरता येत नाही, बिल झालेलं असलं तरी. फेब्रुवारीत हा फरक किरकोळ असतो, मार्चमध्ये त्यावरून भांडणं होतात. आम्ही सगळ्या शीटमध्ये एकच व्याख्या ठेवली: डिस्पॅच. मार्चपुरता वाटेतला माल वेगळा दाखवतो.

फेब्रुवारीचा समेट

आमचं वेळापत्रक असं बसलं. तीन तारखेपर्यंत मागच्या महिन्याचे आकडे आणि डिलर शिल्लक. आठला मागणीची बैठक. चौदाला पुरवठ्याची, त्यात तात्या वही घेऊन हजर. अठराला समेटाची बैठक, तिथे तिन्ही खात्यांचे निर्णय घेऊ शकणारे लोक. एकवीसला डायरेक्टर साहेबांपुढे. पंचवीसला फ्रीझ. आधी हे सगळं चोवीस आणि पंचवीस अशा दोन दिवसांत उरकलं जायचं, त्यामुळे काही चुकीचं दिसलं तरी दुरुस्त करायला वेळच नसायचा.

अठराच्या बैठकीत व्ही-६ पासून सुरुवात केली. मागणी २,०५०. तयार साठा २०६. स्वतःचं वाइंडिंग १,५८४. म्हणजे १,७९०. शहरातल्या दोन वाइंडिंग वर्कशॉपकडून १६० स्टेटर भरून घ्यायचे ठरले. झाले १,९५०. तरीही १०० पंप कमी. ते कुणाला कमी पडणार, हे तिथेच ठरवलं आणि त्या ब्रँचना त्याच दिवशी कळवलं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सोलापूरच्या माणसाला साठऐवजी पंचावन्न मिळतील असं आधी सांगितलं आणि खरंच पंचावन्न दिले, तर पुढच्या वेळी तो दीडशे मागत नाही. फुगवटा सूचना काढून उतरत नाही, तो असा दिलेल्या शब्दाने उतरतो.

व्ही-४ ची मागणी २,३००. साठ्यात २,९०० असले तरी त्यातले चालणाऱ्या मॉडेलचे १,४००. म्हणून नवे ९०० बनवायचे. मोनोब्लॉकची मागणी २,४००, साठा १००, बनवायचे २,३००.

उत्पादनाचा एकूण आकडा झाला ४,९४४ पंप. उत्पादनप्रमुख खुर्चीतून उठायचेच बाकी होते. "आठ हजारांवरून पाच हजार? माझी लाइन अर्धा महिना रिकामी ठेवू?" त्यांचं म्हणणं त्यांच्या मोजमापाप्रमाणे अगदी बरोबर होतं. म्हणून समेट करायचा तर मोजमापही बदलावं लागलं. त्या महिन्यापासून उत्पादनाचं मोजमाप एकूण नगांऐवजी फ्रीझ प्लॅनमधल्या प्रत्येक गटाची पूर्तता असं ठेवलं, आणि जास्त बनवलेला माल पूर्ततेत धरायचा नाही. व्ही-४ ची लाइन बारा दिवस थांबली. त्या काळात रखडलेलं मेंटेनन्स झालं आणि तिथली सहा माणसं तात्यांच्या हाताखाली व्ही-६ चं वाइंडिंग शिकायला बसली.

विक्रीची किंमत: ३.५१ कोटी, १.८४ कोटी आणि २.१६ कोटी, एकूण ७.५१ कोटी. "बजेटशी फरक" या ओळीत १.४९ कोटी. पण फायनान्ससाठी दुसरीही एक ओळ होती: व्ही-४ चा साठा १,४०० नगांनी उतरणार, म्हणजे ८४ लाख रुपये गोदामातून मोकळे होणार, आणि न लागणारी तार-कास्टिंगची खरेदी थांबणार. फायनान्सप्रमुखांनी आदल्या दिवशीच बँकेच्या मर्यादेचा हिशेब नव्याने मांडून ठेवला होता. विक्री कमी दिसत असूनही फेब्रुवारीअखेर हातातली रोकड आधीच्या प्लॅनपेक्षा बरी राहत होती. हे त्यांनी स्वतः एकवीसच्या बैठकीत मांडलं, तेव्हा त्याला वजन आलं. मी मांडलं असतं तर ती प्लॅनिंगवाल्याची सबब वाटली असती.

डायरेक्टर साहेबांनी शीट दोनदा वाचली आणि एवढंच विचारलं, "हा दीड कोटी मला आधी अठ्ठावीस तारखेला कळायचा. आज एकवीस जानेवारी आहे. पाच आठवडे आधी कसं कळलं?" त्या दिवशी मला वाटलं की आता हे टिकेल.

काय फ्रीझ करायचं आणि काय मोकळं ठेवायचं

सगळंच गोठवलं तर प्लॅन ठिसूळ होतो. व्ही-६ मध्ये मोटर आणि पंपाचा भाग वेगळे असतात. एकाच ७.५ एचपीच्या मोटरला बोअरच्या खोलीप्रमाणे कमी वा जास्त स्टेजचा पंप लागतो. अडचण मोटरच्या वाइंडिंगची आहे, स्टेजच्या जोडणीची नाही. म्हणून आम्ही पंचवीस तारखेला एचपीप्रमाणे स्टेटरची संख्या पक्की करतो, ती महिनाभर हलत नाही. स्टेज किती, हे जोडणीच्या चार दिवस आधीपर्यंत ब्रँच बदलू शकते. पूर्वीच्या ४१ बदलांपैकी अकरा-बारा निव्वळ स्टेजचे होते. ते आता बदल म्हणून मोजावेच लागत नाहीत.

स्टेटरच्या संख्येत बदल हवा असेल तर वाट एकच: मागणाऱ्याने सांगायचं की त्या बदल्यात कोणाचे किती कमी करू, आणि ज्याचे कमी होणार त्याची संमती आणायची. फोनवर होत नाही. निम्म्या मागण्या इथेच विरतात.

निकाल आणि जे सुटलं नाही

फेब्रुवारीत फ्रीझनंतर ९ बदल झाले, त्यातले "आधीच माहीत" फक्त २. व्ही-६ चे १,९५० ऐवजी १,९०२ गेले. कमी पडलेले ४८ बाहेरून भरून घेतलेल्या स्टेटरचे. पाण्यात बुडवून मेगरने इन्सुलेशन तपासलं तेव्हा ते नापास झाले. ही चूक आमची. नव्या वर्कशॉपचा पहिला लॉट शंभर टक्के चांगला येईल असं धरायला नको होतं. आता बाहेरच्या कामाचे सत्तर टक्केच प्लॅनमध्ये धरतो. एकूण विक्री ७.३८ कोटी झाली, सांगितलेल्या ७.५१ च्या जवळ.

पण व्ही-६ ची टंचाई यातून सुटली नाही, सुटणारही नव्हती. फेब्रुवारीची वाइंडिंगची कमतरता जानेवारीत बसून भरता येत नाही. ती आदल्या पावसाळ्यात भरायला हवी होती. जुलै ते सप्टेंबर डिस्पॅच मंदावतो आणि वाइंडरांना पुरेसं काम नसतं. पुढचाच महिना बघणाऱ्या बैठकीला हे कधी दिसत नाही. म्हणून आमच्या शीटमध्ये आता पुढचे आठ महिने असतात, गटाप्रमाणे, आणि त्यात फक्त वाइंडिंगची गरज व क्षमता यांची तुलना असते. मॉडेलपर्यंत जाण्याची गरज नाही.

जूनच्या बैठकीसाठी प्रस्ताव तयार आहे: पावसाळ्यात ५ आणि ७.५ एचपीचे ६०० स्टेटर जास्तीचे भरून ठेवायचे. एकाला ५,५०० रुपये धरले तर ३३ लाख अडकतात. वर्षाला १२ टक्के व्याज आणि सरासरी पाच महिने धरले तर व्याजाचा भार १.६५ लाख. फायनान्सचा आक्षेप साठा वाढवण्याला आहे आणि तो रास्त आहे, व्ही-४ चा ढीग सगळ्यांनी पाहिला आहे. फरक असा की स्टेटर एचपीप्रमाणे सामाईक असतो, त्यावर कुठल्याही स्टेजचा पंप चढतो, त्यामुळे तो न चालणारं मॉडेल म्हणून पडून राहत नाही. तरी ६०० की ४००, हे सहा नव्या वाइंडरांचा हात मेपर्यंत किती बसतो त्यावर ठरेल. तात्यांच्या वहीत त्यांची नावं आता शेवटच्या सहा ओळींत आहेत. परवा बघितलं तेव्हा त्यांच्या चौकटींत बहुतेक ठिकाणी १ लिहिलेला होता, दोन ठिकाणी २.